शेषेरावांचा जून आणि तुळजाबाईंचा जानेवारी

कंधार तालुक्यातल्या शेषेरावांना गप्प बसलेलं माणूस बघवत नसे. समोरचा बोलेना झाला की ते त्याच्या वाटणीचंही बोलून टाकत. पण त्या दिवशी नात तनुजा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती आणि त्यांच्या दोन किश्श्यांवर ती साधी हूंसुद्धा म्हणाली नाही. रविवारी तिचा साखरपुडा. चाकूरचा बजरंग तिला पसंत होता, लातूरला शिकतानाची ओळख. तरी पोरीचं तोंड कडू.

"काय झालं, माय?"

"आबा, रविवारचं पुढं ढकलता येईल का?"

शेषेरावांच्या हातातली शेंग हातातच राहिली. "कारण?"

तिनं मोबाईल पुढं केला. गुलाबी बदामात आकडा होता, एक्केचाळीस टक्के. "जन्मतारखा घातल्या की जोडीचं किती जमंल ते यात निघतं. हे आमचं. माझ्या मैत्रिणीचं, शिल्पाचं अन् तिच्या नवऱ्याचं ब्याऐंशी आलंय."

शेषेरावांनी चष्मा पुसून बदाम नीट पाहिला. "मग आमचंबी काढ. मी एक जून एकोणीसशे पन्नास. तुझ्या आजीचा एक जानेवारी छप्पन्न."

आकडा आला एकोणतीस.

"म्हंजे शंभर दिवसांत एकोणतीस दिवस बरे?" शेषेरावांनी विचारलं.

"इतके?" चुलीपासून तुळजाबाई म्हणाल्या. "कोणते ते मला दाखवा तरी."

तनुजाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. शेषेरावांनी ते बरोबर टिपलं. "हे यंत्र मोजतं तरी कसं?"

खाली 'कसं काढतो' असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तनुजानं उघडून समजावलं. तारखेवरून सूर्यरास धरायची, जूनची मिथुन, जानेवारीची मकर. बारा राशींना बारा राशी असा एक तक्ता आधीच भरून ठेवलेला; त्यात मिथुन-मकरच्या घरात जो आकडा असेल तो उचलायचा. मग तारखेतले अंक मिळवायचे. "तुमचे एक, सहा, एक, नऊ, पाच, शून्य. झाले बावीस. दोन अन् दोन चार. आजीचे पाच. चार-पाचचाबी तक्ता हाय. दोन्हींची सरासरी काढली की टक्के."

"वेळ, गाव काई विचारत न्हाई?"

"न्हाई."

"कोणाचे संसार बघून भरला का हा तक्ता?"

तनुजानं पान वर-खाली केलं. "तसं कुठं लिहिलं न्हाई. अग्नीची रास, पाण्याची रास, कोणाचं कोणाशी पटतं असं मानून भरलेला दिसतो."

आता शेषेराव खुलले. गुडघे आवळून बसले म्हणजे किस्सा येणार हे घराला ठाऊक होतं. "माझा जून माझा न्हाईच की. बापानं शाळेत नेऊन सोडलं. मास्तर म्हणाले, जन्म कधीचा? बाप म्हणाला, पोळ्याचा, बैलं सजवून राहिलो होतो अन् आतून रडू आलं. मास्तरांनी लिहिलं एक जून. आमच्या वर्गात सगळेच एक जूनचे. व्यंकटी, मी, अन् दोन इयत्ता पुढं असून त्याचा थोरला भाऊबी."

"अन् माझा जानेवारी आधार काढणाऱ्या पोरानं घातला," तुळजाबाई म्हणाल्या. "निस्तं वय सांगितलं होतं मी."

"मग गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या जोडप्यांत नवरा मिथुन अन् बायको मकर," तनुजा म्हणाली. तिनं त्या वर्षीचा पोळा शोधला, सप्टेंबर निघाला. आबांची तारीख तेवढी बदलली. कन्या रास आली आणि एकोणतीसचे चौऱ्याऐंशी झाले.

"पण माणूस तर तोच बसलाय इथं," तुळजाबाई म्हणाल्या.

तनुजा एकदम ताठ झाली. बजरंगाच्या बायोडाट्यावरही एक जूनच होता. तिनं त्याला फोन लावला, आबांनी स्पीकर लावायला लावला.

"तुमचा वाढदिवस खरा कधी?"

"डिसेंबरात," बजरंग म्हणाला. "शाळेत वय बसंना म्हणून मामानं जून सांगितला. का?"

तनुजानं खरी तारीख घातली. शेषेराव मनातल्या मनात तुळजापूरच्या देवीला नारळ बोलले. धनू रास आली. आकडा आला सदतीस. आधीपेक्षाही चार कमी. शेषेरावांना वाटलं, आपण किस्सा सांगून पोरीचं नुकसान केलं.

"सदतीस," तनुजा हळूच म्हणाली.

"शंभरातले?" बजरंगानं विचारलं. "मग पास झालो की. गणितात मला इतके कधी पडले न्हाईत."

तनुजा आधी नाकातून हसली, मग मोठ्यानं. शेंगा मांडीवरून घरंगळल्या. "रविवारी वेळेवर या," तिनं सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

शेषेरावांनी मोठा श्वास सोडला आणि मास्तरांचा दुसरा किस्सा काढला. तुळजाबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला.

"तनू, यांची जूनचीच तारीख घाल परत," त्या म्हणाल्या. "चौऱ्याऐंशीवाल्या माणसाला मी वळखत न्हाई."