वाटेवरच्या चादरी

परवा व्यापाऱ्यांच्या एका सभेत आमच्या जुन्या पेढीच्या मालकांनी भाषण केले. चादरी आणि टॉवेल घरबसल्या देशभर विकण्याचा उद्योग आपण सोलापुरात कसा वाढवला, हे सांगताना ते म्हणाले, ‘‘सुरुवातीला गोडाऊनमध्ये मोठी चोरी झाली. पण त्या चोरीमुळेच आमची सिस्टम सुधारली.’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या सभेत नव्हतो. मला निमंत्रण नव्हते. भाषणाची चित्रफीत माझ्या पुतण्याने मला मोबाइलवर दाखवली, आणि तीही कौतुकाने.

चोरी झाली नव्हती. त्या पेढीचे हिशेब तेव्हा माझ्या हाती होते, म्हणून हे मी ऐकीव गोष्टींवरून सांगत नाही. जिच्यावर चोरीचा आळ आला ती बाई या भाषणाआधी थोडेच दिवस वारली. आता तिच्या बाजूने बोलणारा मीच उरलो आहे, आणि मला गप्प बसण्याची सवय नाही.

तिला सगळे अक्का म्हणत. घरात तेलुगू, बाहेर मराठी. नवऱ्याचा माग बंद पडल्यावर ती पेढीत आली आणि काही वर्षांत गोडाऊनच्या किल्ल्या तिच्याकडे गेल्या. चादरीच्या काठावरून बोट फिरवून ती कुठल्या मागावरची आहे हे अक्का सांगे, अशी एक दंतकथा पेढीत आजही सांगतात. तसले काही तिला येत नव्हते. ती रोज वेळेवर येई, माल मोजून घेई आणि मोजून देई. गोडाऊन सांभाळायला एवढेच लागते, आणि एवढेही फार थोड्यांना जमते.

थोरल्या मालकांच्या मागे त्यांचा मुलगा, परवा सभेत बोलला तोच, गादीवर बसला. तो मला काका म्हणे. त्याने ऑनलाइन विक्री सुरू केली, आणि एका संगणकवाल्याकडून सिस्टम बसवून घेतली. ऑर्डर आली, पक्की झाली, पॅक झाली, कुरिअरने उचलली, वाटपाला निघाली, पोहोचली, असा एकेका चादरीचा प्रवास पडद्यावर दिसू लागला. कुरिअरने पार्सल उचलले की सिस्टम ती विक्री धरी. मी पहिल्याच महिन्यात हरकत घेतली.

‘‘ही विक्री नव्हे. माल गाडीत चढला, एवढेच झाले,’’ मी म्हणालो.

‘‘काका, ऑर्डर गिऱ्हाइकानंच दिली ना?’’

‘‘दिली. पैसे दिले का?’’

‘‘दारात देणार. कॅश ऑन डिलिव्हरी आहे.’’

‘‘मग दारात देईल तेव्हा विक्री.’’

तो हसला. ‘‘तुमच्या हिशेबानं आपण रोज गरीब, आणि माझ्या हिशेबानं रोज श्रीमंत. मला माझा हिशेब बरा वाटतो.’’

ज्याने आधीच पैसे भरले आहेत तो माणूस पार्सलची वाट पाहतो. ज्याने भरलेले नाहीत तो वाट पाहतोच असे नाही. तो घरी नसतो, फोन उचलत नाही, दारात आलेल्या पोराला ‘उद्या या’ म्हणतो. किंवा बायकोने मागवलेले नवरा नाकारतो. कुरिअरवाला दोनतीनदा खेपा घालतो आणि पार्सल परत फिरवतो. जे पोहोचते त्याचे रोख पैसे कुरिअर कंपनी काही दिवसांनी जमा करते, तेही परत आलेल्या पार्सलांचे जाण्यायेण्याचे भाडे कापून. त्यामुळे बँकेत आलेली रक्कम कुठल्याच दिवसाच्या विक्रीशी जुळत नसे. ती जुळवणे हे माझे काम होते, आणि मी ते करीत होतो. माझे डोळे अधू झाले होते म्हणून घोळ झाला, असे जे पेढीत सांगितले जाते ते सपशेल खोटे आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी चादरींच्या ऑर्डरी धो धो आल्या. बहुतेक सगळ्या दारात पैसे देण्याच्या, आणि लांबच्या: बिहार, बंगाल, आसाम. पडद्यावर विक्रीचा आकडा चढत गेला. मालकाने पेढे वाटले. दिवाळी झाली, आणि पार्सले परत फिरू लागली.

चूक कुठे होती ते आता सांगतो. ती चोरीइतकी रंजक नाही. तिकडे आसामात कुरिअरच्या पोराने ‘गिऱ्हाइकाने नाकारले, परत पाठवत आहे’ अशी खूण केली की आमची सिस्टम त्याच क्षणी दोन गोष्टी करी. विक्री रद्द करी, हे योग्य. आणि ती चादर गोडाऊनच्या साठ्यात जमा करी. चादर अजून आसामात असे. तिथून सोलापूरला यायला तिला दोन-तीन आठवडे लागत, कधी जास्तही. तेवढे दिवस ती पडद्यावर आमच्या फळीवर घडी घालून बसलेली असे.

दिवाळीनंतर साठ्याची मोजदाद झाली. पडद्यावर होत्या त्यापेक्षा फळीवर चादरी पुष्कळ कमी भरल्या. मालकाने बँकेचे खातेही पाहिले. दिवाळीआधी पडद्यावर विक्री एवढी दिसली असताना पैसे एवढेच? पैसे नाहीत आणि मालही नाही. किल्ल्या कोणाकडे? अक्काकडे.

तिला गोडाऊनमध्ये बोलावले. पॅकिंगच्या बायका हातातली टेप तशीच धरून उभ्या राहिल्या.

‘‘अक्का, माल कुठं गेला?’’

‘‘गाडीत गेला की, मालक. मी मोजूनच चढवला.’’

‘‘गेलेला नाही विचारत. परत आलेला.’’

‘‘परत कुटं आलाय अजून?’’

‘‘सिस्टम सांगते आला म्हणून.’’

‘‘मग सिस्टमलाच इचारा, कुटं ठेवलाय त्ये.’’

एक बाई फिस्सकन हसली. त्या हसण्याने अक्काचे जेवढे नुकसान केले तेवढे मोजदादीनेही केले नसेल.

मी मध्ये पडलो. कुरिअरच्या पोर्टलवर एकेक क्रमांक घालून मी त्याला दाखवले: हे पार्सल पाटण्यात, हे नागपुरात, हे कुरिअरच्या पुण्यातल्या गोडाऊनमध्ये. तो म्हणाला, ‘‘थोडी असतील वाटेत, काका. पण सगळीच?’’ मी म्हणालो, ‘‘सगळीच. गाड्या येईपर्यंत थांब.’’ त्याने संगणकवाल्याला फोन लावला. संगणकवाला म्हणाला, आमची सिस्टम तपासलेली आहे. मालकाचा मेहुणा, पेढीतला भागीदार, शेजारीच उभा होता आणि त्याला त्याच दिवशी उत्तर हवे होते. एखाद्या बाईला चोर ठरवणे हे गाड्यांची वाट पाहण्यापेक्षा सोपे असते.

त्यांनी तिच्या घरी माणसे पाठवली. घरात पेढीच्या दोन चादरी सापडल्या. दरवर्षी दिवाळीला पेढी कामगारांना डागी मालातल्या दोन चादरी देते. विणताना धागा सुटलेल्या, काठ तिरपा गेलेल्या. थोरल्या मालकांपासूनची ही रीत. त्या घरातल्या चादरी त्याच होत्या, आणि त्यांचे तिरपे काठ सगळ्यांना दिसत होते. तरी त्या उचलून आणून मालकाच्या टेबलावर ठेवल्या गेल्या. पोलिसांत दिले नाही, ही पेढीची दया म्हणून सांगितली जाते. पोलिसांत दिले असते तर कोणीतरी काठ तरी पाहिला असता.

मी त्याच दिवशी राजीनामा दिला. मला काढले नाही, मी गेलो. टेबलावर माझ्याकडची तिजोरीची किल्ली ठेवली आणि सगळ्यांसमोर मालकाला म्हणालो, ‘‘तुझा माल वाटेवर आहे. तो येईल तेव्हा तुला तोंड कुठे लपवायचे ते आत्ताच ठरवून ठेव.’’

माल आला. मी पेढीसमोरच्या टपरीवर चहा घेत बसे, आणि तिथूनच पाहिले. एकामागून एक टेम्पो येत होते. धुळीने काळी पडलेली पोती उतरत होती. काहींतून चादरीचा कोपरा बाहेर लोंबत होता. पोत्यांची रास जिन्यापर्यंत गेली. पुढे पेढीतूनच मला कळले की सगळा माल जुळला, आणि मालकाने संगणकवाल्याला बोलावून नियम बदलून घेतला: परत आलेले पार्सल गोडाऊनच्या दारात हाताने स्कॅन केल्याखेरीज साठ्यात धरायचे नाही, आणि चादर पोहोचून दारात पैसे मिळाल्याखेरीज विक्री धरायची नाही. चोरी झाल्यावर माणूस कुलूप बदलतो. साठा कधी धरायचा याचा नियम त्याने बदलला, यातच त्याचा कबुलीजबाब आहे. सभेत टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही हे सुचले नाही.

मी अक्काकडे गेलो. ती दारात विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात पाने.

‘‘पोती आली, अक्का. सगळी आली. मी डोळ्यांनी पाहिली.’’

तिने हात थांबवला नाही. ‘‘आत जाऊन बोलला का?’’

‘‘मी आता तिथला नोकर नाही.’’

‘‘मंग भाईरनं बगून काय उपेग, सायेब? तुमी आत असता तर लिवून दिलं असतं, की ह्यो माल आला म्हणून. लई घाई केली तुमी.’’

हे मला तेव्हा मान्य नव्हते आणि आजही नाही. राहिलो असतो तर मी पगारी माणूस ठरलो असतो, आणि पगारी माणसाच्या लिहून देण्याला मालकाच्या लेखी काय किंमत असते ते मी आयुष्यभर पाहिले आहे. तसे मी तिला सांगितले. ती म्हणाली, ‘‘असंल.’’ मग पुढची विडी वळू लागली.

तिला पुन्हा कुठल्याही गोडाऊनमध्ये काम मिळाले नाही. विड्या वळता वळता खोकला लागला आणि त्यातच ती गेली. दहाव्याला मी गेलो होतो. तिथेही कोपऱ्यात कोणीतरी ‘चादरीवाली’ म्हणून कुजबुजले. मी उठलो आणि वर लिहिले आहे ते सगळे मोठ्याने सांगितले. कोणी मान वर केली नाही. बाहेर निघताना तिचा मुलगा चपला शोधून देत म्हणाला, ‘‘साहेब, ते जाऊ द्या आता. त्या दोन चादरी तेवढ्या परत मागून बघा. शेवटी शेवटी आई त्याच मागत होती.’’

सभेतले भाषण पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी मी इतक्या वर्षांनी पेढीत गेलो. मालक खुर्चीतून उठला. ‘‘काका! बसा की.’’ मी बसलो नाही. मी दोन चादरी मागितल्या. त्याला आठवत नव्हते, की तसे दाखवायचे होते, मला ठाऊक नाही. पण त्याने मुनिमाला शोधायला सांगितले. मुनिमाने पडद्यावर शोधले आणि सापडले तसे वाचून दाखवले. दोन नग, डागी, कामगाराकडून जमा. साठ्यात घेतले. त्याच हिवाळ्यात सवलतीच्या मालात विकले. एकच ऑर्डर, दारात पैसे देण्याची. पॅक झाली, उचलली, वाटपाला निघाली, पोहोचली. रक्कम जमा.

‘‘परत नाही आली?’’ मी विचारले.

‘‘नाही, काका. क्लीन डिलिव्हरी,’’ मुनीम म्हणाला. त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हते.

मालक म्हणाला, ‘‘दुसऱ्या दोन देतो ना. चांगल्यातल्या.’’ मी जिना उतरलो.

तिच्या मुलाला द्यायला माझ्याकडे चादरी नाहीत. अक्का म्हणाली होती की मी लिहून द्यायला हवे होते. त्या बाबतीत ती चुकत होती, हे माझे मत कायम आहे. तरी लिहून देतो: माल वाटेवर होता, तो सगळा आला, आणि त्या दोन चादरी तिच्या होत्या.