राणीची छाननी फी

ढाणकीचे गफ्फारभाई बंद पडलेलं इंजिन नुसतं कान लावून ओळखत. बँकेचं इंजिन मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

बासष्ट साली त्यांनी लेथ मशीन घ्यायचं ठरवलं आणि उमरखेडच्या सहकारी बँकेत दीड हजाराचा अर्ज केला. शेकडा एक रुपया छाननी फी, म्हणजे पंधरा रुपये आगाऊ. ते कुठून आणावेत? त्यांची बायको हुस्नाबीनं आपली राणी नावाची बकरी शेजारच्या रामरावांना पंधराला दिली. रामराव सज्जन. म्हणाले, "पोळ्यापर्यंत पैसे आणसान तं बकरी तुमची. पोळा झाला का बाजार."

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा गफ्फारभाईंनी दुकानात जिलेबी वाटली. तीन आठवड्यांनी दुसरं पत्र आलं : निधी अपुरा असल्याने संचालक मंडळाने सदर मंजुरी रद्द केली आहे. जिलेबी परत मागता येत नव्हती.

"मशीन गया तो गया," हुस्नाबी म्हणाली, "मेरी राणी लाओ."

बँकेतले कारकून नीळकंठराव गफ्फारभाईंना चांगले ओळखत. कर्जाआधी दुकानाची तपासणी करायला तेच ढाणकीला आले होते. त्यांनी फीची पावती उलटी केली. "हे पाहा, छापलेलंच आहे. अर्जदाराने कर्ज न उचलल्यास फी परत मिळणार नाही."

"म्या नाही उचललं? नीळकंठराव, मी तं उचलाले बैलगाडी ठरवून बसलो होतो! नाही कोण म्हनलं? तुमीच ना?"

नीळकंठरावांनी पावती पुन्हा वाचली. बँकेनंच मंजुरी रद्द केली तर काय करायचं, हे छापणाऱ्याला सुचलंच नव्हतं.

"मंडळाकडे अर्ज करा."

"लिहून कोन देईन?"

नीळकंठरावांनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलाच्या अलीकडे येऊन बाकावर बसले आणि फार सुरेख अर्ज लिहून दिला : "दोष अर्जदाराचा नसून बँकेचा असल्याने..." मग टेबलाच्या पलीकडे जाऊन तोच अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकला, चष्मा लावून वाचला आणि समासात शेरा मारला : "भाषा कडक आहे."

"अहो, तुमीच तं लिहिली!"

"तेव्हा मी अलीकडे होतो, गफ्फारभाई."

श्रावणात मंडळाची सभा झाली. ठराव आला : फी परत द्यावी, मात्र तपासणीचा प्रत्यक्ष खर्च वजा करावा. मॅनेजर नंदकिशोरबाबूंनी हिशेब वाचला. "बस जाऊनयेऊन एक रुपया. भोजनभत्ता दीड. तुमचे साडेबारा."

पोळा चार दिवसांवर होता. साडेबारा रुपयांत राणीची शेपटी आणि दोन पाय राहून जात होते.

बसभाडं ठीक होतं, पण भोजन? त्या दिवशी नीळकंठराव गफ्फारभाईंच्याच घरी जेवले होते. दार लोटून जेवले होते. हुस्नाबीनं भीत भीत मटणाचा रस्सा पुढे केला होता आणि नीळकंठरावांनी "बस, बस" म्हणत तीनदा घेतला होता. जाताना हात जोडून म्हणाले होते, "आमच्या बायकोला, शोभाला कळलं तर ती मला शेणाने सारवून घेईल."

गफ्फारभाईंच्या ओठावर वाक्य आलं. त्यांनी ते गिळलं. घरी जेवलेल्या माणसाचा घास मोजायचा, तोही चारचौघांत? त्यापेक्षा रामरावाचा पंप वर्षभर फुकट दुरुस्त करू.

"द्या साहेब," ते म्हणाले. "साडेबारा तं साडेबारा."

नीळकंठराव व्हाउचर लिहीत होते. टाक थांबला. कान लाल झाले.

"साहेब, ते दीड रुपयाचं कलम चुकलं. मी त्या दिवशी खानावळीत गेलोच नाही."

"मग उपाशी?"

"यांच्याकडे जेवलो."

बाकावरचे पेन्शनीतले दोन म्हातारे वळून बसले. नंदकिशोरबाबू पुढे झुकले. "काय जेवलात?"

नीळकंठरावांनी गफ्फारभाईंकडे पाहिलं. त्या नजरेत शोभाताई, सासुरवाडी आणि सगळी ब्राह्मणआळी उभी होती.

"भरीत होतं साहेब," गफ्फारभाई चटकन बोलले. "वांग्याचं. अन् भाकर. गरिबाघरी दुसरं काय?"

"तीनदा घेतलं," नीळकंठराव प्रामाणिकपणे म्हणाले.

भत्ता नीळकंठरावांच्या पगारातून कापायचं ठरलं. गफ्फारभाईंनी मूळ पावती परत केली, सही केली आणि चौदा रुपये घेतले. रुपया कमी होता, पण रामरावांनी हुज्जत घातली नाही. राणीनं त्यांचं वाळत घातलेलं धोतर दोनदा खाल्लं होतं. "घेऊन जा बाप्पा," ते म्हणाले, "आनखी राह्यली तं मलेच फी लागन."

दिवाळीनंतर रामरावांनी नव्या पंपासाठी बँकेत अर्ज केला. तपासणीला नीळकंठराव आले. काम रामरावांकडे होतं, पण बस सुटायला वेळ होता, म्हणून सहज गफ्फारभाईंच्या दारात डोकावले. राणी खुंट्याला बांधलेली होती. चुलीवरून वास येत होता.

हुस्नाबीनं पदर सावरत आधी विचारलं, "भत्ता तो नहीं लगाया ना, भाईजान?"

"नाही हो भाभी."

"तो बैठो," ती म्हणाली, आणि दार लोटलं. "आज भी भरीतच है."