ठाकूरद्वारच्या शेवंतीताई आणि मनूचं नवं सिम

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली शेवंती गुरव यांचं काउंटर आहे. पाटीवर अजून 'घड्याळ दुरुस्ती' असंच लिहिलंय. घड्याळं त्यांचे यजमान दुरुस्त करायचे. ते गेल्यावर वर्षभर शेवंतीताईंनी काउंटर बंद ठेवलं आणि त्या वर्षात परळच्या एका संस्थेत मोबाईल दुरुस्तीचा कोर्स केला. वर्गात त्या सगळ्यांत मोठ्या होत्या आणि एकट्याच बाई. माहेर लालबागचं, वडील गिरणीत विणकर. "आमच्या बाबांना धागा तुटला की आवाजावरून कळायचं," असं त्या नंतर एकदा मला म्हणाल्या.

त्यांचा एक नियम आहे. फोन उघडून आतलं काम असेल तर त्या करतील, पण सेटिंगचं काम असेल तर फोनला हात लावत नाहीत. गिऱ्हाइकाला समोरच्या स्टुलावर बसवतात, फोन त्याच्याच हातात ठेवतात आणि एकेक बटण त्यालाच दाबायला लावतात. बोट तुमचं, डोळा माझा, असं त्यांचं म्हणणं. लोक वैतागतात. घाईतला माणूस फोन पुढे सरकवून म्हणतो, तुम्हीच करा ना पटकन. शेवंतीताई फोन परत त्याच्याकडे सरकवतात. माझ्या नणंदेने तर सांगून टाकलं होतं की तिकडे जाऊ नकोस, ती बाई शाळा घेते.

मी गेले, कारण दुसरा इलाज उरला नव्हता.

माझी मुलगी मनू सतरा वर्षांची आहे. नवव्या वर्षापासून तिला मधुमेह आहे, इन्सुलिनवाला. तिच्या दंडावर एक सेन्सर चिकटवलेला असतो. तो दर पाच मिनिटांनी साखर मोजतो आणि ब्लूटूथने तिच्या फोनला सांगतो. तिचा फोन तो आकडा इंटरनेटवरून माझ्या फोनवर पाठवतो. मी ऑफिसात फाइल बघत असते तेव्हाही फोन शेजारी उघडा असतो. मनूला याचा राग येतो. तिच्या जागी मलाही आला असता.

कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर होतं, जव्हारच्या पुढे एका पाड्यावर. मनूने कधी घराबाहेर एकटीने रात्र काढलेली नव्हती. दोन आठवडे आमच्याकडे याच एका विषयावर भांडणं झाली. शेवटी मी अट घातली की तिथून आकडा माझ्या फोनवर दिसणार असेल तर जा, नाहीतर नाही. तिच्या सरांनी सांगितलं, पाड्यावर एकाच कंपनीची रेंज येते. आमचं सिम दुसऱ्या कंपनीचं. म्हणून शिबिराच्या आदल्या दिवशी त्या कंपनीचं नवं सिम घेतलं.

सिम घातलं आणि फोनवर 'सेवा नाही' असं आलं.

दुकानदार म्हणाला, चालू व्हायला वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत थांबलो. मग सिम काढून पुसून घातलं, फोन चार वेळा बंद-चालू केला. इंटरनेटवर शोधून मी सेटिंगमधलं ॲक्सेस पॉइंटचं, म्हणजे इंटरनेट जोडायचं, पान काढलं, कंपनीने दिलेलं नाव तिथे टाइप केलं आणि मागे आले. बघते तर लिहिलेलं गायब. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराकडे परत गेलो. तो म्हणाला, फोनच खराब दिसतो, सगळं पुसून कोरा करा. मनूने फोन त्याच्या हातून परत घेतला. बस तीन वाजता होती. ठाकूरद्वारला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते.

मी सिमचं आणि तीनच्या बसचं सांगितलं. शेवंतीताईंनी आधी मनूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बस कोण पकडणार?"

"ही," मी म्हटलं.

"मग स्टुलावर ती बसू दे. तू उभी राहा."

त्यांनी सिम काढायला लावलं आणि स्वतःच्या जुन्या फोनमध्ये घातलं. मिनिटभरात सिग्नलच्या पट्ट्या भरल्या, इंटरनेटही चाललं. म्हणजे सिम चालू होतं, अडचण फोनमध्ये होती. मग त्यांनी मनूला सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्कच्या पानावर नेलं आणि कंपनी निवडायची जागा वाचायला सांगितली. मनूने वाचलं. 'ऑटोमॅटिक' बंद होतं आणि खाली आमच्या जुन्या कंपनीचं नाव होतं.

शेवंतीताईंनी विचारलं, "गाव खंयचा?"

मी म्हटलं, बांदा.

"गणपतीला गेला होतात? आणि कोणीतरी शहाण्याने सांगितलं, फोन रेंज शोधत भरकटतो, कंपनी पक्की करून टाक?"

मी सांगितलं, माझा भाऊ रमाकांत. मस्कतला असतो, गणपतीला येतो. हा फोनही त्यानेच तिकडून आणून मनूला दिला. परसातल्या फणसाखाली उभं राहून त्यानेच तिच्या फोनचं ऑटोमॅटिक बंद केलं होतं. बॅटरी वाचते म्हणे. बिचाऱ्या फोनला हुकूम होता की ह्याच कंपनीकडे जा, आणि नवं सिम त्या कंपनीचं नव्हतं.

"दर गणपतीनंतर माझ्याकडे असे पाच-सहा फोन येतात," शेवंतीताई म्हणाल्या. "अर्धा सिंधुदुर्ग फणसाखाली उभा राहून सेटिंग बदलतो."

मनू हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

तिने ऑटोमॅटिक चालू केलं. फोनवर गोल चिन्ह फिरत राहिलं आणि ते बटण आपोआप पुन्हा बंद झालं. दोनदा केलं, दोनदा तसंच. शेवंतीताई म्हणाल्या, आता नेटवर्क रिसेट करायचं. मी मनूचं बोट अडवलं. दुकानदारही तेच म्हणाला होता ना, सगळं पुसा. त्यांनी मला समजावलं की ते वेगळं. फोन कोरा करणं म्हणजे सगळं जाणार. नेटवर्क रिसेटमध्ये फोटो, ॲप, नंबर यांना धक्का लागत नाही. जातात ते वायफायचे पासवर्ड, मोबाईल नेटवर्कच्या सेटिंग आणि ब्लूटूथच्या जोड्या. म्हणून त्या बटण दाबायच्या आधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात.

"ह्याला ब्लूटूथने काय काय जोडलंय?"

मनूने बाही वर केली आणि सेन्सर दाखवला.

शेवंतीताईंनी चष्मा काढला. थट्टा बाजूला राहिली. ही जोडी तुटली तर परत जोडायला काय लागतं, हे त्यांनी विचारलं. मनू म्हणाली, सेन्सरच्या खोक्यावर चार आकडी कोड असतो, तो लागतो. खोकं कुठंय? खोकं आठवड्यापूर्वी कचऱ्यात गेलं होतं.

कोडशिवाय तो सेन्सर बाद झाला असता. दुसरा तिच्या सॅकमध्ये होता, पण शिबिरातल्या दिवसांसाठी जपून ठेवलेला. मनू खाली मान घालून बसली. मी पर्स उघडली. माझ्या पर्समध्ये एक वही असते, जिच्यावरून घरात सगळे मला चिडवतात. मनूचा प्रत्येक सेन्सर कोणत्या तारखेला लावला, कोणत्या दंडावर, आणि त्याचा कोड, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. फॅड आहे तुझं, असं मनूने कितीदा म्हटलंय.

मी पान उघडून स्टुलासमोर ठेवलं. मनूने आकडा वाचला आणि माझ्याकडे न बघता माझा हात धरला.

"दाब आता," शेवंतीताई म्हणाल्या. "घाबरतंस कित्याक?"

मनूने रिसेट दाबलं. फोनने पासवर्ड विचारला, तो दिला. एक मिनिट गेलं असेल. मग वरच्या कोपऱ्यात एक पट्टी आली, दुसरी, तिसरी, आणि शेजारी नव्या कंपनीचं नाव. मनूने माझा नंबर लावला. समोर उभी असून मी फोन उचलला आणि हॅलो म्हटलं.

पण इंटरनेट नव्हतं. डेटाचं बटण चालू होतं, तरी पान उघडेना. शेवंतीताईंनी तिला ॲक्सेस पॉइंटच्या यादीत नेलं. यादी रिकामी होती. फोन बाहेरच्या देशातला, त्याच्या पोटात ह्या कंपनीची माहितीच नव्हती. सिग्नल म्हणजे दारापर्यंतचा रस्ता झाला, त्या म्हणाल्या, इंटरनेटचं दार कुठलं ते ह्याला नावाने सांगावं लागतं. मनूने नवी नोंद उघडली. वर कंपनीचं नाव, खाली ॲक्सेस पॉइंटचं नाव, बाकी सगळ्या रकान्यांना हात लावायचा नाही.

"आता मागे जाशील तर?"

"जाईल लिहिलेलं," मनू म्हणाली. "काल आईचं गेलं होतं."

"आईने सेव्ह केलं नव्हतं. ते वर तीन ठिपक्यांत असतं."

मनूने सेव्ह केलं. यादीत नाव आलं. शेवंतीताईंनी तिला नावापुढचा गोल दाबायला लावला. नुसतं नाव लिहून भागत नाही, निवडावंही लागतं. मग विमानाचं चिन्ह एकदा चालू, एकदा बंद. पट्ट्यांशेजारी 4G उमटलं आणि मनूच्या फोनवर सकाळपासून अडकलेले मेसेज धडाधड पडायला लागले. वर्गातल्या मुली विचारत होत्या, येतेस की नाही.

सेन्सर जोडायला तिने कुणाची मदत घेतली नाही. कोड टाकला आणि वाट बघितली. काउंटरवर माझा फोन उघडा होता. आधी तिच्या फोनवर आकडा आला, एकशे अठ्ठावीस, आणि काही क्षणांत तोच माझ्या फोनवर. शेजारी सरळ आडवा बाण, म्हणजे साखर स्थिर. मी तो आकडा हजारो वेळा पाहिला असेल, पण त्या दिवशी तो मला बक्षिसासारखा वाटला.

मनूने मग सगळं परत एकदा शेवंतीताईंना म्हणून दाखवलं. कंपनी ऑटोमॅटिकवर, रिसेटच्या आधी कोड, नोंद, सेव्ह, गोल. न अडखळता. शेवंतीताई पूर्ण ऐकून घेऊन मला म्हणाल्या, "चेडवाक जाऊ दे, पोरीला. तिकडे बंद पडला तर तुला फोन नाही करणार ती. स्वतः चालू करेल."

मी तिला बसपर्यंत सोडायला जाणार होते. डबे, इन्सुलिन, साखरेच्या गोळ्या, सगळं पुन्हा तपासायचं ठरवलं होतं. मनूने सॅक पाठीवर घेतली आणि विचारलं, आई, मी जाऊ का एकटी? मी म्हटलं, जा.

ती वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी काउंटरपाशीच उभी होते. शेवंतीताईंनी स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि दुसऱ्या एका बाईचा फोन उघडायला घेतला. मी बसले. दर पाच मिनिटांनी माझा फोन उजळत होता. एकशे चोवीस. एकशे एकोणीस. सव्वातीनला मनूचा मेसेज आला की बस सुटली, खिडकी मिळाली. घरी आले, स्वयंपाक केला, आणि साडेसातला पाड्यावरून आकडा आला. एकशे चौतीस, बाण आडवा. त्याखाली मनूचा मेसेज होता की इथे दोन मुलींचं इंटरनेट चालत नव्हतं, आता चालतंय.