नऊपैकी आठ

मूर्तिजापूरजवळच्या एका गावात एक गोष्ट सांगतात. तिथल्या एका बाईला कॅन्सरच्या रिपोर्टात नऊपैकी आठ मार्क मिळाले, म्हणून तिने गल्लीभर पेढे वाटले. लोक पोट धरून हसतात आणि शेवटी म्हणतात, "अडाणी मानूस, करता काय!"

पेढे खरे आहेत, आकडाही खरा आहे. शेवट खोटा आहे. हे फक्त मलाच माहीत आहे, अशी माझी कैक वर्षे समजूत होती.

अकोल्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो आणि मुलाकडे अमरावतीला राहायला आलो. घरात बसून कंटाळा येई, म्हणून आठवड्यातून दोन दिवस कॅन्सरच्या एका दवाखान्यात मदतीच्या टेबलावर बसू लागलो. माझे काम साधे होते. कोणत्या खोलीत जायचे, कोणती तपासणी उपाशीपोटी करायची, पुढची तारीख कोणती, हे मराठीत चिठ्ठीवर लिहून द्यायचे. रिपोर्टाचा अर्थ सांगणे डॉक्टरांचे काम होते. पण रिपोर्ट इंग्रजीत असे, माणसे हवालदिल असत, आणि माझे अक्षर वळणदार होते. "गुरुजी, काय लिहिलं हाय ते सांगा ना," म्हटले की मला राहवत नसे. कौतुकाची सवय शाळेत लागली होती, ती सुटली नव्हती.

ही बाई भाजीवाली. दीड एकरात वांगी, गवार, मेथी लावायची आणि अकोल्याच्या बाजारात स्वतः बसून विकायची. तिच्या छातीतली गाठ ऑपरेशन करून काढली होती. बारा दिवसांनी गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा ती सुनेला घेऊन आली. तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई त्या दिवशी रजेवर होत्या. पुढच्या सोमवारी या, असे खिडकीवर सांगितले गेले.

सुनेला औषधांच्या रांगेत उभी करून ती एकटीच माझ्या टेबलाशी आली. "सोमवारपावतर मले झोप येनार नाई, गुरुजी. तुमीच पाहा."

मी पाहिले. एके ठिकाणी आठ, तिरपी रेघ, नऊ असे छापले होते. एकतीस वर्षे मी उत्तरपत्रिकांवर असेच लिहीत आलो होतो. काखेतल्या गाठींपुढे एन आणि शून्य होते, त्याचा अर्थ तिथे आजार सापडला नाही, एवढे मी ऐकून होतो. काढलेल्या गाठीच्या कडा साफ होत्या. सगळे चांगले दिसत होते. एकच गोष्ट खटकत होती, ती म्हणजे 'ग्रेड तीन'. आठ मार्क आणि तिसरी श्रेणी, हे जुळेना. कोणाला विचारायचे सोडून मी ती ओळ गाळली. चिठ्ठीवर लिहिले, 'गाठीला नऊपैकी आठ मार्क. काखेत आजार नाही. कडा साफ.' मग तेच तिला वाचून दाखवले आणि म्हणालो, "छान आहे."

ती सोमवारी आली नाही. दवाखान्यातून तिच्या मुलाला फोन गेला, तेव्हा तो म्हणाला, आई म्हणते सगळं चांगलं आहे, पिकाची तोड झाली की येऊ.

पाचेक आठवड्यांनी ती आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन, मुलासोबत, भाचीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला निघालेली. नवे लुगडे नेसली होती. "घ्या गुरुजी, तुमच्या हातानं पास झाली मी!" तेवढ्यात डॉक्टरीणबाई तिथून चालल्या होत्या. तिने त्यांनाही अडवून पेढा दिला.

"कशाचे हो पेढे?"

"आठ मार्क भेटले ना, बाई! नवापैकी आठ! माह्या पोराले कधी भेटले नाई एवढे!"

डॉक्टरीणबाईंचा पेढा तोंडाशीच थांबला. त्यांनी रिपोर्ट काढून घेतला, मायलेकांना आत नेले आणि जाताना माझ्याकडेही पाहिले, म्हणून मीही मागे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले, ते मला शब्दन् शब्द आठवते.

"मावशी, हे मार्क नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी पाहतात. पेशींची मांडणी किती बिघडली, त्यांचं रूप किती बदललं, आणि त्या किती भराभर वाढताहेत. प्रत्येकीला एक ते तीन आकडा देतात आणि बेरीज करतात. सगळ्यात सौम्य गाठीचीही बेरीज तीन येते. बेरीज जितकी मोठी, तितकी गाठ जोरकस. आठ किंवा नऊ आले की ग्रेड तीन."

"म्हंजे मी नापास?"

"पास-नापास काही नाही. ग्रेड म्हणजे गाठीचा स्वभाव. स्टेज वेगळी, ती म्हणजे आजार कुठवर पोचला. तो तुमच्या काखेतही गेलेला नाही, ही चांगली गोष्ट. पण जोरकस गाठीनंतर इंजेक्शनं घ्यावी लागतात. उशीर केलात, तरी वेळ गेलेली नाही. याच आठवड्यात सुरू करू."

मग त्यांनी विचारले, "हे मार्कांचं तुम्हाला सांगितलं कोणी?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. बाई खाली पाहत होती. "मलेच वाटलं तसं," ती म्हणाली. मुलगा ओशाळून हसला. "अडाणी हाय जी आई आमची. उलटंच समजते." तिने माझ्याकडे पाहिले नाही, आणि त्याचे मला बरे वाटले. या सगळ्या लिखाणात हे एक वाक्य लिहायला मला सर्वांत जड गेले.

इंजेक्शने सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी ती यायची. केस गेले, तोंडाची चव गेली, पण जीभ शाबूत होती. येताना माझ्यासाठी मेथीची जुडी आणि मागून टोमणा आणायची. "काय वो गुरुजी, आज किती पोरं पास केले?" मला वाटे, हा निव्वळ तिचा स्वभाव.

डॉक्टरीणबाईंना मी एवढेच सांगितले की चिठ्ठ्या नीट लिहायला शिकवा. रिपोर्टाचा अर्थ आधी त्यांनी सांगायचा, मग तोच मी लिहायचा आणि त्यांनी तपासायचा, असे ठरले. पण शब्द कोणते? मी ग्रेडला 'तिसरी श्रेणी' लिहिले, तर ते परीक्षेच्या निकालासारखे वाटले. स्टेजला 'दुसरा टप्पा' लिहिले, तर एक आजोबा म्हणाले, "म्हंजे यंदा दुसरा, पुढच्या साली तिसरा!" जणू आजार वर्ग चढत जातो. काखेतल्या गाठींपुढे नुसते 'शून्य' लिहिले की आशाच संपली असे समजून बायका रडू लागत. इंग्रजी एक्स म्हणजे ती गोष्ट तपासता आलेली नाही, एवढाच अर्थ. पण तो कागदावर फुलीसारखा दिसे आणि माणसे समजत, तिथे काहीतरी चुकले आहे.

सलाईन लावून बसलेली ही बाई माझे कागद मागून घेई आणि शेजारच्या बाईकडून वाचून घेई. मग निकाल देई. "नाई जमलं. भेव वाटते." किंवा, "हे तं लयच गोड झालं. हे वाचून मी पुन्हा पेढे वाटीन!"

शेवटी वाट तिनेच काढली.

"वावरात गाजरगवत होते का नाई, गुरुजी? तवा आमी दोन गोष्टी पायतो. एक, किती वावरात पसरलं. बांधाले, धुऱ्यावरच हाय, का शेजाऱ्याच्या वावरात गेलं. दुसरी, वाढते कशी, सुस्त का झपाट्यानं. धुऱ्यावरचंही झपाट्याचं असू शकते, आन वावरभर पसरलेलंही सुस्त. दोन येगळ्या गोष्टी. यकात यक मिसळू नका."

डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. त्या दिवसापासून आमच्या चिठ्ठीवर दोन वेगळे चौकोन आले. 'आजार कुठवर पोचला आहे' हा स्टेजचा आणि 'पेशी किती बदलल्या आहेत आणि कशा वाढतात' हा ग्रेडचा. रिपोर्टातला आकडा आणि अक्षर जसेच्या तसे ठेवायचे, कारण दुसऱ्या दवाखान्यात तेच दाखवावे लागते. पण त्यांच्यापुढे पूर्ण वाक्य हवेच. एन शून्य असेल तर 'काखेतल्या तपासलेल्या गाठींमध्ये आजार सापडला नाही.' 'पैकी' हा शब्द बंद. आणि चिठ्ठी दिल्यावर माणसाला विचारायचे, आता घरी जाऊन काय सांगाल? ते ऐकल्याशिवाय त्याला उठू द्यायचे नाही.

तिच्या ऑपरेशनला पाच वर्षे पूर्ण झाली. तपासणी चांगली आली. शेतात रोडग्यांचे जेवण ठेवले आणि डॉक्टरीणबाईंना आणि मला बोलावले. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले जात होते, वांग्याच्या भाजीचा वास धुऱ्यापर्यंत येत होता. पंगत बसली आणि तिच्या मुलाने नेहमीची गोष्ट रंगवून सुरू केली. आठ मार्क, पेढे, नवे लुगडे. सगळे हसले. तो शेवटच्या वाक्यावर आला. "अडाणी मानूस..."

मी उठून उभा राहिलो. "तुझी आई उलटं समजली नाही," मी म्हणालो. "मी उलटं लिहिलं. ग्रेडची ओळ मी पाहिली होती आणि मुद्दाम गाळली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. इतकी वर्षं तुम्ही हिला हसलात, ते हसू माझ्या वाट्याचं आहे."

मुलाने हातातला घास पत्रावळीत परत ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या दिवशीच सांगायचं होतं, गुरुजी." त्यांचा आवाज कडक होता आणि तो तसाच असायला हवा होता.

बाईने वाढायचे पातेले खाली ठेवले. कमरेच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून मुलाच्या हातात दिला. माझेच वळणदार अक्षर. नऊपैकी आठ मार्क.

"तुमच्यापाशी होती ही?" मी विचारले.

"त्या दिवशीही होती. डाक्टरीनबाईनं इचारलं तवा हात घातला होता पिशवीत."

"मग काढली का नाही?"

"काढली असती तं तुमाले टेबलावरून उठवलं असतं. मंग चिठ्ठी सुधरवली कोनी असती? मी म्हटलं, हा मानूस शिकंल. आन खरं तो सोताच सांगंल." मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाच वर्सं लावले तुमी! माह्या भुईमुगाले चार महिने लागतात!"

सगळ्यांत आधी हसल्या डॉक्टरीणबाई, मग सगळी पंगत. मुलगा उठला, आईच्या पाया पडला आणि तसाच वळून मला म्हणाला, "गुरुजी, गावात आता ही गोष्ट तुमी सांगायची. पारावर. पयल्यापासून."

मी तीन वेळा सांगितली. तिसऱ्या वेळी तर ती स्वतः समोर बसून चुका काढत होती. पेढे पाव किलो नव्हते, अर्धा किलो होते म्हणे.

त्या दिवशी पंगतीत तिने माझ्या पत्रावळीत एक रोडगा मोडला, वर तुपाची धार धरली आणि दुसरा पुढे केला. मी नको म्हणालो.

"घ्या," ती म्हणाली. "एकावर कोनी पास होत नाई इथं."