पुष्पलताच्या मुलाखतीतला काळा चौकोन

पुष्पलताला तिसऱ्या वर्षी ताप आला आणि तो कान घेऊन गेला. वडील नत्थूजी घरच्या हातमागावर लुगडी विणत. मागाचा आवाज तिला पायाच्या तळव्यांतून कळायचा. माग बंद पडला, नत्थूजी गेले, आणि ती बुटीबोरीच्या कापड कारखान्यात घड्या घालायला लागली. तिथल्या कामगारांच्या बहिऱ्या मुलांना ती दर रविवारी हातांची भाषा शिकवायची. कोणी शिकवायला सांगितलं नव्हतं. मुलं खुणांवाचून भिंतीकडे बघत बसतात, हे तिला बघवत नसे.

पुण्याच्या एका संस्थेने नागपुरात बहिऱ्या मुलांची शाळा काढायचं ठरवलं. शिक्षिका हवी होती, वयाची अट पंचेचाळीस. पुष्पलताचं पंचेचाळिसावं वर्ष संपायला तीन महिने होते. मुलाखत व्हिडिओवर, सकाळी अकराला. तिचा मोबाइल जुना, चित्र अडकायचं. म्हणून वहिनी चारुशीलाचा लॅपटॉप तिने आदल्या दिवशी मागून आणला. चारुशीला त्यावर योगासनांचे व्हिडिओ काढायची.

अकराला तिने मीटिंग उघडली. पुण्याचे तीन जण दिसले, शेजारी एक दुभाषी बाई. आपला चौकोन मात्र काळा. खाली इंग्रजीत ओळ होती: कॅमेरा दुसऱ्या अ‍ॅपच्या वापरात आहे.

दुभाषी बाईने हातांनी विचारलं, 'तुम्ही दिसत नाही. कॅमेरा सुरू करा.'

पुष्पलताला सगळे दिसत होते. त्यांना ती दिसत नव्हती. तिची भाषा हातांत, आणि हात काळ्या चौकोनाच्या मागे. तिने घाईने टाइप केलं, 'कॅमेरा अडकलाय. पाच मिनिटं द्या.' मधल्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दुभाषीने दहा बोटं दाखवली. दहा मिनिटं.

आई गोदूबाई दारातून आली आणि तिच्या समोर उभी राहून ओठ सावकाश हलवत म्हणाली, "काय झालं वं? काहून अशी घामानं भिजली?"

पुष्पलताने कॅमेऱ्यावरची सरकपट्टी पाहिली. उघडी होती. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. तरी काळंच. शेवटी लॅपटॉपच बंद करून सुरू केला. त्यात चार मिनिटं गेली. सुरू होताच, तिने काहीही उघडायच्या आधी, कॅमेऱ्याशेजारचा दिवा आपोआप लागला. ती त्या दिव्याकडे बघत राहिली. म्हणजे कोणीतरी तिच्या आधी कॅमेरा धरून बसतंय, आणि दरवेळी आपणहून उठून बसतंय.

तिने दिव्याकडे बोट दाखवून आईला खुणांनी सांगितलं. गोदूबाईने सुनेला फोन लावला. "चारुशीला, तुह्या लॅपटॉपचा कॅमेरा कोणी धरून ठेवला वं... अवं, तिची मुलाखत होऊन राहिली!" मग फोन कानाला धरून ती ओठ फिरवत पोरीला सांगू लागली, "तिचं व्हिडिओ काढायचं अ‍ॅप आहे म्हणते. लॅपटॉपसंगं सुरू होते. खिडकी बंद केली तरी मागं चालू राहते."

पुष्पलताने सेटिंगमध्ये गोपनीयता, त्यात कॅमेरा उघडलं. अ‍ॅपच्या यादीत तेच नाव, आणि त्याखाली लिहिलेलं: सध्या वापरात. मग तिने चालू कामांची यादी उघडली, ते नाव निवडून काम संपवलं. दिवा विझला. ती मीटिंगला परत गेली, तेव्हा दिवा पुन्हा लागला, आणि चौकोनात तिचाच चेहरा आला, केस चिकटलेले, डोळे मोठे. तिने दोन्ही हात वर करून नमस्कार केला.

समोर कोणी नव्हतं. स्क्रीनवर लिहिलं होतं, मीटिंग संपली.

घड्याळात अकरा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

तिने ईमेल लिहिला, अडचण काय होती तेही लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'उमेदवार कॅमेऱ्यासमोर आल्या नाहीत, अशी नोंद आहे. निवड समिती विसर्जित झाली आहे.' गोदूबाईला वाचता येत नव्हतं. पण पोरीचे हात मांडीवर निपचित पाहून तिला कळलं.

चारुशीला लॅपटॉप घ्यायला आली तेव्हा रडवेली होती. "माह्या डोक्यातच नाही आलं वं, आधी सांगायले पाहिजे होतं," ती म्हणत होती. पुष्पलताने तिच्या समोर बसून ते अ‍ॅप आपोआप सुरू होण्याचं बटण बंद करून दिलं. राग आला होता की नाही, ते तिलाही कळलं नाही. वहिनीचे ओठ हलत राहिले, आणि ती लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिली.

पंचेचाळिसावं संपलं. शाळा सुरू झाली. तिथे लागलेल्या बाईंना खुणा अजून नीट येत नाहीत, असं आता त्या शाळेत जाणाऱ्या रविवारच्या एका मुलाने हातांनीच सांगितलं. पुष्पलताने मान डोलावली, आणि त्याचा चुकलेला अंगठा धरून सरळ केला.