सातवी रिक्षा

बालनाट्यासाठी गाणं लिहून द्यायचं होतं. सहा वर्षांची मुलगी कामावरून येणाऱ्या आईची वाट पाहते आहे, एवढाच प्रसंग. माझ्या कडव्यात 'कातरवेळ' होती, 'जिवाची घालमेल' होती आणि शेवटी 'येशील ना गं आई?' होतं. चाल लावणारे अण्णा फोनवर म्हणाले, "बाई, मुलगी सहाची आणि बोलते साठीची! उद्या तालीम आहे."

वैतागून गॅलरीत आले. खाली पायरीवर शेजारची छोटी सई बसली होती.

"आई कधी येणार गं?" मी वरून विचारलं.

"सातव्या रिक्षातून."

सातवी रिक्षा न थांबता निघून गेली.

"काकू, ती धरायची नाही. रिकामी होती." तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

मी तिथेच कागद काढला. कातरवेळ खोडली आणि रिक्षांचे लागलेले दिवे घेतले. घालमेल खोडली, या वयात मनातल्या गोष्टीला नाव नसतं, बोटांवर मोजणं असतं. 'येशील ना'चं 'येणारच' केलं. शंका मोठ्यांची, ती ऐकणाऱ्यांवर सोपवली. मुलगी जितकी ठाम, तितका त्यांचा जीव खालीवर होणार.

थोड्या वेळाने सईची आई बसस्टॉपवरून चालतच आली.

"आलीस बाई एकदाची!" मी वरूनच ओरडले.

सईने खाऊसाठी आईच्या पिशवीत हात घातला. हायसं वाटलं ते मला. 'आली नाही तर' हे तिच्या मोजण्यात कधी नव्हतंच.