नंबर तोच, माणूस नवीन

आमच्या ऑफिसातून कुणी रीतसर राजीनामा देऊन गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. लोक सुट्टी घेऊन गावाला जायचे आणि तिथूनच मेसेज करायचे. त्याचं कारण आमचे शेठ. 'नोकरी सोडतेय' असं समोर जाऊन म्हटलं की ते आधी समोसे मागवायचे, मग आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "बेटा, आपण फॅमिली आहोत ना?" ते पाणी खरं असायचं, हीच पंचाईत होती. मी एकदा प्रयत्न केला होता. केबिनमधून बाहेर आले तेव्हा नोकरी होती तशीच होती, वर चाकांची नवीन खुर्ची मिळाली होती.

भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचा गाळा. मसाले, फरसाण, सुकी मासळी अशा छोट्या उद्योगांसाठी आम्ही छापील पाऊच बनवतो. मी आर्टवर्क बघायचे, म्हणजे पाकिटावरचं चित्र, अक्षरं, रंग, आणि मांसाहारी मालाची खूण जागेवर आहे की नाही. गिऱ्हाइकांशी बोलणं माझं काम नव्हतं. ते आमच्या ताई करायच्या. त्या ऑफिसात सगळ्यात जुन्या. कुठल्या गिऱ्हाइकाला गोड बोलून चालतं आणि कुणाला आकडा आधी सांगावा लागतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्या रत्नागिरीला सुट्टीवर गेल्या आणि आठवड्याने त्यांचा मेसेज आला. शेठ दिवसभर जेवले नाहीत.

मला ताईंचा राग आला, आणि राग येण्याचं कारण त्या गेल्या हे नव्हतं. त्या माझ्याआधी गेल्या, हे होतं. मला एका डिझाइन स्टुडिओत काम मिळालं होतं. तिथे दुसऱ्याने काढलेलं तपासायचं नव्हतं, स्वतः काढायचं होतं. मी हो म्हणून बसले होते. इथे महिन्याची नोटीस द्यायची म्हणजे त्याच आठवड्यात शेठना सांगणं भाग होतं. रोज सकाळी मी ठरवून घरातून निघायचे आणि रोज संध्याकाळी न सांगता परत यायचे.

आणि अशात शेठनी ताईंचं कंपनीचं सिम माझ्या टेबलावर ठेवलं.

"मुर्ध्याच्या काकी आजपासून तुझ्या," ते म्हणाले. "बाकीचे क्लायंट मी सांभाळतो. काकींना बाई माणूसच लागतं. आधी मेसेज टाक. एकदम गोड."

शेठ ज्यांना काकी म्हणतात त्या, भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या मावशी, आमचं जुनं गिऱ्हाईक. पूर्वी त्या टोपली घेऊन बाजारात सुके बोंबील विकायच्या. आता उत्तनच्या बंदरावरून माल घेतात, घरी निवडतात, पाकिटं भरतात आणि पार विरारपर्यंतच्या दुकानांत पोचवतात. बोंबील पाकिटातून दिसलाच पाहिजे, म्हणून पाऊचला पारदर्शक खिडकी ठेवायची, ही कल्पना त्यांची आणि ताईंची मिळून. मी त्यांना फक्त कागदावर ओळखत होते.

मी मेसेज लिहिला. 'आपल्या संपर्कातील प्रतिनिधी आता आमच्यासोबत नाहीत. यापुढे मी आपल्या सेवेत आहे. नंबर तोच राहील. आपल्या कामात कोणताही फरक पडणार नाही.' लिहिताना मलाच कसंसं झालं. 'आमच्यासोबत नाहीत' हे शोकसभेतलं वाक्य वाटत होतं. पण शेठना ते फार आवडलं.

उत्तर म्हणून बोलका मेसेज आला. मागे कुकरची शिट्टी, आणि मावशींचा आवाज: "सोबत न्हाय म्हंजे काय? बरी हाय ना ती? आनि तू कोन? शेठला सांग, माजे सिलिंडर परत दे."

सिलिंडर म्हणजे छपाईचे लोखंडी रूळ. पाकिटावरच्या प्रत्येक रंगाचा एक रूळ कोरून घ्यावा लागतो. त्याचे पैसे गिऱ्हाईक भरतं, म्हणून तो त्याच्या मालकीचा, फक्त ठेवलेला आमच्याकडे. गिऱ्हाईक सिलिंडर मागतं तेव्हा ते दुसऱ्या छापखान्यात चाललेलं असतं. पावसाळा तोंडावर होता, म्हणजे सुक्या मासळीचा खरा हंगाम. शेठनी तिथल्या तिथे गाडी काढली आणि मला शेजारी बसवलं.

रस्ताभर ते मला शिकवत होते. "ताईंचं पर्सनल रीझन, एवढंच सांगायचं. मग टीमचं सांगायचं. मग तुझं. तू आता कायमची आहेस, हे काकींना वाटलं पाहिजे. बाकी मी बोलतो."

'कायमची' ऐकून मी खिडकीबाहेर बघायला लागले. सांगायचं तर आत्ता गाडीतच, असं मी मनाशी म्हणत होते. पण शेठ त्या दिवशी इतके घाबरलेले दिसत होते की तोंडच उघडेना. मिठागरांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती मागे पडल्या आणि मुर्धा आलंसुद्धा.

मावशी ओटीवर बसून बोंबील निवडत होत्या. बाजूला वजनाचा काटा आणि पाकिटं चिकटवायचं मशीन. त्यांनी शेठना खुर्ची दिली, मला चटईवर जागा केली आणि सरळ विचारलं, "कुठं गेली ती?"

"पर्सनल रीझन आहे, काकी."

"आजारी हाय?"

"नाही नाही, एकदम ठीक."

"घरात कोन गेलं?"

"तसं काहीच नाही."

"मंग पर्सनल काय?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मला शिकवलेलं तिथेच संपलं होतं. मी म्हटलं, "मावशी, त्यांनी नोकरी सोडली. तब्येत चांगली आहे. पुढे काय करणार ते मला माहीत नाही." हे सगळं खरं होतं, म्हणून पटकन बोलता आलं. मावशींनी मान हलवली. बाई जिवंत आहे एवढं कळल्यावर त्या जरा सैल झाल्या.

मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. दोन पाकिटं पुढ्यात टाकली, एक जुनं आणि एक मागच्या खेपेचं. "सांग काय चुकलंय."

नव्या पाकिटाचा लाल पिवळ्याकडे झुकला होता. मी पिशवीतून शेड कार्ड काढलं. प्रत्येक रंग किती गडद आणि किती फिका चालेल, ते पहिल्या छपाईच्या वेळी गिऱ्हाइकाकडून सही करून घेतात, तो कागद. मी नवं पाकीट त्यावर धरलं. "हा लाल तुमच्या सहीच्या बाहेर गेलाय. चूक आमची आहे. पुढच्या वेळी मशीन चालू असताना मी स्वतः उभी राहून रंग जुळवून घेईन."

मावशी पहिल्यांदा हसल्या. "हिला दिसतं," त्या शेठना म्हणाल्या.

खरं सांगते, एखादं उत्तर चुकलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या प्रत्येक बरोबर उत्तरासरशी त्या माझ्यावर विसंबत होत्या आणि मी आणखी अडकत होते. त्यांनी जवळ्याचं नवीन पाकीट काढायचं म्हणून सांगितलं, मग करंदीचं. दोन्ही बारीक जाती, चित्रात मोठी कोलंबी काढू नका, लोकांना फसवल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. मी वहीत उतरवून घेत होते. नवे सिलिंडर, प्रूफ, सही, छपाई असं सगळं महिनाभराच्या पलीकडे जात होतं, आणि तेव्हा मी तिथे नसणार होते. मला स्वतःचीच चीड आली. शेठचा चेहरा मात्र उजळत चालला होता.

"काकी, ही आपल्या घरचीच आहे," ते म्हणाले. "ही कुठे जाणार नाही. माझा शब्द."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "हो?"

"मी आहे ना," मी म्हटलं. त्या क्षणी मी होतेच. वकिलाने पढवावं असं उत्तर, आणि ते चाललं. सिलिंडरचा विषय निघाला नाही. शेठ हात जोडून उठले आणि पायरीवर बसून बूट घालू लागले. माझा जीव भांड्यात पडला. ऑफिसात जाऊन काय ते बघू, असा विचार करून मीही उठले आणि म्हटलं, "येते हं, मावशी."

त्यांचा हात बोंबलांत थांबला.

"ती पन असंच म्हनाली व्हती," त्या म्हणाल्या. "या दारात. येते म्हनाली. मी म्हटलं, ये बाय. माशाची गाभोळी ठेवलीय तिच्यासाठी फ्रीजमंदी. अजून तशीच हाय."

"काकी, सगळेच तसं म्हणतात," शेठ हसत म्हणाले. "जाते कोण म्हणतं? अशुभ असतं."

"मना म्हाईत हाय. जन्म गेला माजा येते येते करत." त्या माझ्याकडे बघत होत्या. "पन मानूस खरंच जातो तवा तरी त्यानं सांगावं. मी काय बांधून ठेवनार हाय? तिच्या नंबरवरनं दुसऱ्याच बाईचा मेसेज आला. मना वाटलं, ती मेली. दोन घास गेले न्हाईत माज्या तोंडात." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू जानार असशील तर जाते म्हन. न्हायतर येते म्हन. मी दोन्ही ऐकीन."

येते म्हणणं किती सोपं होतं. दिवसातून दहा वेळा म्हणतो आपण, वाण्याला, रिक्षावाल्याला, शेजारणीला. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. माझ्या जिभेवर तेच होतं. शेठचा एक पाय बुटात, एक बाहेर. मावशींना काय दिसलं होतं कोण जाणे, पण त्या माझ्याकडून नजर काढत नव्हत्या, आणि मला एकदम कळलं की आत्ता येते म्हटलं तर मी या ओटीवर कायमची राहणार.

"जाते," मी म्हटलं.

 मग घाईघाईने म्हणत सुटले, "एक महिन्याने, मावशी. तुमचा लाल मी नीट करून देईन. माझ्या जागी जी कोणी येईल तिला मी इथे आणीन. तुम्ही तिला बघा, प्रश्न विचारा. मग मी जाईन."

मावशींनी मान हलवली. "बरं. मंग बस जरा. गाभोळी तू घेऊन जा." आणि त्या आत गेल्या.

शेठ बुटाच्या नाड्या तशाच हातात धरून बसले होते. मी त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, म्हणून मी वाट पाहिली. ते आलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ऐकलं नसतं."

 नाडी बांधत ते म्हणाले, "हो. नसतं ऐकलं."